जेवताना जबडा दुखतो, कानाजवळ 'टक्' वाजतं: घरच्या घरी सहा आठवडे काय करायचं

कानाच्या भोकासमोर जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही हातांची तर्जनी ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली एक हाड आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे सरकतं, हे लगेच कळतं. हाच जबड्याचा सांधा. तो कानाला इतका खेटून आहे की त्याचं दुखणं कानातच आहे असं वाटतं. त्यामुळे माझ्या दवाखान्यात येणारे बरेच जण आधी कानात थेंब घालून आलेले असतात.

या सांध्यात हाड आणि कवटी यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. तोंड उघडताना हाडाबरोबर तीही पुढे सरकायला हवी. ती थोडी पुढे घसरलेली असली की तोंड उघडताना हाड मध्येच तिच्याखाली जाऊन बसतं, निसटलेल्या चपलेत पाय परत घालावा तसं. 'टक्' आवाज होतो तो तेव्हा. मिटताना ती पुन्हा निसटते आणि कधी कधी तेव्हाही हलकासा आवाज येतो.

आता महत्त्वाचं. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर काहीही करायचं नाही. असा वाजणारा जबडा कितीतरी लोकांचा असतो आणि आयुष्यभर तसाच बिनतक्रार चालतो. आवाज घालवायच्या मागे लागून लोक दंतवैद्याकडून दात घासून कमी करून घेतात, दातांवर बसवायचे महागडे साचे बनवून घेतात, आणि आवाज तसाच राहतो. आपण उपचार करायचा तो दुखण्यावर आणि अडकण्यावर. आणि दुखणं बहुतेक वेळा सांध्यापेक्षा त्याला हलवणाऱ्या स्नायूंचं असतं. ते स्नायू थकलेले असतात, कारण त्यांना दिवसभर सुट्टीच मिळालेली नसते.

हे एका पेशंटच्या उदाहरणावरून सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या कशासाठी आहेत ते कळेल.

खेकड्याची नांगी आणि काजूची साल

वेंगुर्ल्याकडची चौतिशीतली एक ताई काजू कारखान्यात साल काढायचं काम करते. बारीक सुरी, मान खाली, नजर हातातल्या गरावर, आणि गर तुटू द्यायचा नाही, कारण अख्ख्या गराचा भाव वेगळा आणि तुकड्याचा वेगळा. आषाढ संपता संपता घरी कुर्ल्या झाल्या आणि तिने एक मोठी नांगी दाढेखाली धरून फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडे कानाजवळ ठणका. "डॉक्टरांनू, कानात दुखता, पन कानवाल्यान बघून कान बरो आसा म्हणून सांगल्यान," असं म्हणत ती आली.

तोंड उघडायला सांगितलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३३ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसाचं साधारण ४० ते ५० असतं. उघडताना हनुवटी आधी डावीकडे वळायची, मध्येच 'टक्' व्हायचं आणि मग ती सरळ यायची. पण सांध्यावर दाबलं तेव्हा ती जेमतेम कळवळली. गालावर, जबड्याच्या कोनाच्या वर जो जाड स्नायू दात आवळले की टणक होतो, तो दाबला तेव्हा मात्र तिने हात बाजूला सारला. "होच, होच तो!" गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत एक पांढरट आडवी वळी होती, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते. या दोन खुणा दात आवळून बसणाऱ्यांच्या तोंडात वरचेवर दिसतात.

नांगी हे निमित्त झालं. मूळ कारण कारखान्यातले रोजचे तास होते. बारीक काम करताना ती दात एकमेकांवर घट्ट दाबून बसायची, आणि तिला ते माहीतच नव्हतं. "मी दात खात नाय," असं तिने ठामपणे सांगितलं. मी तिला एक काजू आणि सुरी हातात देऊन साल काढायला सांगितलं आणि तिची दोन बोटं तिच्याच गालावर ठेवायला लावली. अर्ध्या मिनिटात तिच्या बोटाखाली स्नायू टणक झाला. पुढे पटवून द्यावं लागलं नाही.

पहिली पायरी: हे खरंच सांध्याचं दुखणं आहे ना?

शेक घ्यायला लागण्याआधी आरशासमोर पाच मिनिटं द्या. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, ही आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात असतील तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच जात असतील तर ते लिहून ठेवा, पुढे सुधारणा मोजायला लागेल. जोर लावून तिसरं बोट घुसवू नका.

मग प्रत्येक दाढेवर चमच्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा आणि गार पाण्याची चूळ भरा. एखादीच दाढ ठणकली किंवा गार पाण्याने कळ येऊन बराच वेळ राहिली तर दुखणं दाताचं आहे. वीस-पंचविशीतल्या मुलांत अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजूनही तोंड उघडेनासं होतं. त्यात मागच्या बाजूला सूज, घाण चव आणि कधी ताप असतो. त्याला शेक नाही, दंतवैद्य लागतो.

कोकणात आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालत नाही. श्रीवर्धनपासून खाली सावंतवाडीपर्यंत अंगणात सुपारी आहे, आणि जेवणानंतर खांड तोंडात टाकायची सवय घराघरात आहे. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्या माणसाचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, पण त्यात सहसा दुखत नाही, 'टक्' वाजत नाही. आमटी तिखट नसली तरी तोंडात आग होते, गाल आतून फिकट पांढरे आणि ताठ लागतात, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. गुटख्याने हेच फार लवकर होतं. ही गालाच्या आतल्या त्वचेखाली होणारी जून, घट्ट वाढ आहे आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचा धोका असतो. अशा माणसाने या लेखातल्या शेकात महिनाभर घालवू नये. सुपारी आजच बंद करून तोंड तपासून घ्यावं.

आणि काही दुखणी अशी, की त्यांत वाट पाहायचीच नाही. चालताना, चढ चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, किंवा जबड्याबरोबर छातीत दडपण, डाव्या हातात कळ, घाम येतो, तर ते हृदयाचं असू शकतं, ताबडतोब दवाखाना गाठा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्यानेच कानशिलात दुखणं, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळी होणं आणि चावताना जबडा भरून येणं असं सगळं एकत्र झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण त्यात नजर जाण्याचा धोका असतो. ताप आणि गालावर सूज, तोंडावर कुठेतरी बधिरपणा, किंवा जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आखडत जाणं, हेही तसंच.

यातलं काहीही नसेल आणि दुखणं चावताना, जांभई देताना वाढत असेल, गालाचा किंवा कानशिलाचा स्नायू दाबल्यावर तेच ओळखीचं दुखणं उमटत असेल, तर पुढचं वाचा.

दुसरी पायरी: दात सोडवा

लोक आहाराकडे आधी वळतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो या पायरीने. चावताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचंच कारण नाही. दिवसभराचा हिशोब केला तर तो वेळ काही मिनिटांचाच भरायला हवा. ओठ मिटलेले, दातांमध्ये दोनेक मिलिमीटरची फट, आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं, ही जबड्याची विसाव्याची जागा. सापडत नसेल तर 'न' म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. दात आपोआप सुटे होतात.

अवघड आहे ते हे दिवसभर आठवणं. त्या ताईला मी टिकल्यांचं एक पाकीट घ्यायला सांगितलं. एक टिकली सुरीच्या मुठीवर, एक मोबाइलवर, एक आरशावर, एक मिसळणाच्या डब्यावर, एक घरच्या घड्याळावर. टिकली दिसली की तपासायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर 'न', खांदे खाली, नाकाने एक लांब श्वास सोडायचा आणि काम पुढे चालू. यासाठी हातातलं काम थांबवावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली की बघावं तेव्हा दात घट्टच. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आवळणं लक्षात यायला लागणं हीच अर्धी लढाई असते. चारेक दिवसांनी टिकलीकडे लक्ष जाईनासं होतं, म्हणून जागा आणि रंग बदलत राहायचं.

जाळी विणणाऱ्यांची एक खास सवय इथे सांगायला हवी. सुतळी, नायलॉनचा दोरा दाताने तोडणं, आणि गाठ आवळताना एक टोक दातात धरून ओढणं. त्यात जबडा पुढे आणि एका बाजूला खेचला जातो, नेमका जो ताण या सांध्याला सोसत नाही तोच. गळ्यात दोरीला एक छोटी कातरी अडकवा. शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही हेच लागू. सुपारी फोडायला अडकित्ता आहे, नांगी फोडायला वरवंटा आहे, बाटलीचं बूच काढायला ओपनर आहे. दाढ या कामाची नाही.

उरलेल्या सवयी थोडक्यात. मोबाइल कान आणि खांद्यात धरून बोलू नये. हनुवटीखाली तळवा टेकून टीव्ही बघू नये. पालथं झोपू नये, कुशीवर झोपायचं तर गालाखाली हात नको. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी आणि जिभेचं टोक टाळूला लावून ठेवावं, म्हणजे तोंड बेसुमार उघडत नाही. च्युइंगगम पूर्ण बंद. आणि आवाज येतो का हे पाहण्यासाठी जबडा मुद्दाम वाजवून पाहणं बंद. ही खोड फार जणांना असते आणि ती दुखणं लांबवते.

तिसरी पायरी: मऊ जेवण, पण उपास नव्हे

पहिले दोन आठवडे असं जेवायचं की जे जिभेने टाळूवर दाबलं तर मोडेल, किंवा दोन-चार वेळा चावून गिळता येईल. पूर्ण पातळ पदार्थांवर जाऊ नका. जबडा अजिबात चालवला नाही तर तो आखडतो आणि माणूस अशक्त होतो तो वेगळाच.

कोकणच्या स्वयंपाकात अशा जेवणाची काहीच वाण नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, किंवा घावणे आणि आंबोळी, मात्र तव्यावरची कडक कड काढून. शिरवाळे नारळाच्या रसात बुडवून. दुपारी मऊ भात, कुळथाची पिठी, वरण, भोपळ्याची किंवा दुधीची भाजी, सोलकढी. मासा चालतो, फक्त तळलेला नको, तिकल्यातला किंवा आमटीतला हवा, आणि काटे आधी ताटातच काढून. बांगडा, पेडवे, सुरमई शिजवल्यावर मऊच असतात. अंड्याची आमटी, दही, पिकलं केळं, आंब्याचा रस. गोडात उकडीचे मोदक, पातोळ्या, सांदणं.

टाळायचं काय, तेही इथलंच. सुके बोंबील आणि भाजलेली सुकट, पावसात हमखास पानात असतात ती. माकूल आणि तिसऱ्या, कारण ते रबरासारखे चावत बसावे लागतात. मालवणी खाजा, चिक्की, भाजलेल्या आठळ्या, भाजके काजू, सुकं खोबरं, ऊस. आंबापोळी आणि फणसपोळी या मऊ दिसतात म्हणून लोक फसतात. त्या दाढेला चिकटतात आणि प्रत्येक चावण्यात जबडा ओढून सोडवावा लागतो. गरम भाकरी चालेल असं वाटतं, पण तांदळाची भाकरी गार झाली की वातड होते. ती खायचीच तर आमटीत कुस्करून दहा मिनिटं भिजू द्यायची.

घास लहान, एका बोटाच्या जाडीपेक्षा मोठा नाही. पेरू, मक्याचं कणीस, बर्गर असं काही पुढच्या दातांनी तोडायचं नाही, सुरीने कापून खायचं. दोन्ही बाजूंनी चावायचं. दुखतं म्हणून सगळं दुसऱ्या बाजूला ढकललं की काही दिवसांनी ती बाजूही दुखायला लागते. एका बाजूने चावायची सवय जुनीच असेल तर दुसरीकडे किडकी दाढ किंवा पडलेल्या दातांची जागा आहे का पाहा. ती दुरुस्त केल्याशिवाय बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या ताईच्या श्रावण पथ्यावरच पडला. घरात मासळी नाही, म्हणजे सुकटही नाही. उपासाला साबुदाणा वडा आणि शेंगदाण्याचा लाडू सोडून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तिने तक्रार केली ती फक्त सुपारी सोडावी लागल्याबद्दल.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं निम्म्याने कमी असेल तर पोळी भाजीत बुडवून, चौथ्यात साधी मऊ पोळी आणि नीट शिजलेली उसळ, पाचव्या-सहाव्यात भाकरी. एका वेळी एकच नवा पदार्थ वाढवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जबडा कसा आहे ते पाहायचं. सकाळी दुखणं वाढलेलं असलं तर दोन-तीन दिवस मागच्या पायरीवर परत.

चौथी पायरी: ओला शेक

नांगी फोडल्यावर किंवा जबड्याला मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस बर्फ बरा, फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं. त्यानंतर, आणि हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात पहिल्यापासूनच, ऊब. ओला शेक घेतला तर स्नायू जास्त सैल होतो असा माझा अनुभव आहे.

सुती पंचा घ्या, चार पदरी घडी घाला. अंघोळीला घेतो त्यापेक्षा जरा जास्त कढत पाण्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी ठिबकता कामा नये, नाहीतर मानेवरून ओघळतं आणि भाजतं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सोसलं तरच गालावर. घडी कानशिलापासून जबड्याच्या कोनापर्यंत पुरेल अशी धरा, म्हणजे कानशिलाचा पंख्यासारखा स्नायू आणि गालाचा जाड स्नायू दोन्ही त्याखाली येतात. पंचा दोन-तीन मिनिटांत गार होतो, म्हणून जवळ भांडं ठेवून पुन्हा पुन्हा बुडवायचा. किंवा ओल्या पंचावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की ऊब टिकते. एकूण १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुखतं एकाच बाजूला असलं तरी दोन्ही बाजूंना शेक द्या.

तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून पुरचुंडीने शेकायची जुनी पद्धत वाईट नाही, पण पुरचुंडीची उष्णता आत धरलेली असते आणि बाहेरून अंदाज येत नाही. कानामागे फोड घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी पुरचुंडीच्या वाटेला जाऊ नये. गालावर सूज, लाली, ताप असेल तर कुठलाच शेक नको.

एप्रिल-मे महिन्यात घामाने जीव नकोसा झालेला असताना गालावर कढत पंचा धरायला कोणी तयार होत नाही, ते समजण्यासारखं आहे. अशा वेळी सकाळी अंघोळीच्या गरम पाण्याचाच वापर करा आणि दुसरा शेक रात्री झोपताना घ्या. दोन वेळा नेमाने घेतलेला शेक चार वेळा घ्यायचं ठरवून न घेतलेल्या शेकापेक्षा बरा.

शेक संपल्याबरोबर, स्नायू सैल असताना, खोबरेल लावलेल्या दोन बोटांनी गालाच्या जाड स्नायूवर सावकाश गोल फिरवा. दात सुटे ठेवून, एक मिनिट. 'दुखतंय पण बरं वाटतंय' इतकाच दाब.

पाचवी पायरी: उघडण्याची सवय

मालिश झाल्यावर जिभेचं टोक टाळूला, 'न'च्या जागी टेकवा. जीभ न सोडता तोंड जेवढं उघडेल तेवढंच सावकाश उघडा आणि मिटा. जीभ वर असताना सांधा जास्त करून जागच्या जागी फिरतो, फार पुढे सरकत नाही, त्यामुळे बहुतेकांना 'टक्' न होता उघडता येतं. आरशात पाहून हनुवटी सरळ रेषेत खाली जाते का बघा. एका वेळी सहादा, दिवसातून सहा वेळा. मोजणी सोपी आहे म्हणून लक्षात राहते.

दुखायला लागलं की थांबा. दुखणं सोसून तोंड ताणण्याचा व्यायाम या अवस्थेत नुकसान करतो. नातेवाइकांनी सांगितलेला 'जबडा झटक्याने बसवून देणारा माणूस' गावोगाव असतो. त्याच्याकडे जाऊ नका.

गोळ्यांबद्दल थोडंच. पहिले काही दिवस दुखणं झोपू देत नसेल तर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांत घेऊ नये, बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडेच दिवस. गोळी घेतल्यावर दुखत नाही म्हणून चिक्की खाणारे भेटतात. तेवढं करू नका.

सहा आठवड्यांत काय दिसायला हवं

ताईच्या बाबतीत पहिले दहा दिवस फारसा फरक नव्हता, फक्त सकाळचं आखडणं लवकर सुटायला लागलं. दुखणं उतरताना बहुधा असंच उतरतं: आधी सकाळ बरी होते, मग जेवण, आणि जांभई सगळ्यात शेवटी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड ३९ मिलिमीटर उघडलं. पाचव्या आठवड्यात गणपती आले. मोदकांचा प्रश्नच नव्हता, पण दोन रात्री भजनात ताना लावून ती पुन्हा ठणकत आली. मोठ्याने गाण्यात तोंड तासन्‌तास पूर्ण उघडावं लागतं, हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं असं नाही, ते तिला ऐकायचंच नव्हतं. चार दिवस मऊ जेवण आणि शेक, की पूर्ववत. नंतर तोंड ४३ भरलं, दुखणं गेलं. 'टक्' अजून वाजतं आणि आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष देणं सोडलं आहे.

सहा आठवडे नेमाने करूनही दुखणं निम्म्याने कमी झालं नाही, तर दंतवैद्याला दाखवा. सकाळी उठताना जबडा सर्वात जास्त दुखत असेल किंवा शेजारी झोपणाऱ्याला दात करकरल्याचा आवाज येत असेल, तर रात्री घालायचा कडक ॲक्रिलिकचा साचा मापाने बनवून घेण्यात अर्थ आहे. ऑनलाइन मिळणारे मऊ रबरी साचे नको, काही जण ते रात्रभर चावत बसतात. नेहमीच्या जबड्याच्या एक्स-रेत हाड दिसतं, चकती दिसत नाही. चकती एमआरआयमध्ये दिसते, पण तो काढायला कोल्हापूर किंवा बांबोळीपर्यंत जायची गरज क्वचितच पडते. सांध्याच्या दुखण्यासाठी दात घासून चावा बदलायचा, तारा लावायच्या किंवा ऑपरेशन करायचं असा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर दुसरं मत घ्या. दात एकदा घासले की परत येत नाहीत.

दोन प्रसंगांत सहा आठवडे थांबू नका. एक, रोज वाजणारं 'टक्' एका दिवशी अचानक बंद झालं आणि त्याचबरोबर तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं. आवाज गेला म्हणून लोक खूश होतात, पण चकती पुढेच अडकून राहिल्याची ही खूण आहे. दोन-चार दिवसांत दाखवलं तर सोडवणं सोपं जातं. दुसरा, मोठी जांभई दिल्यावर तोंड उघडंच राहिलं, मिटतच नाही. घरी दाबून मिटवायचा प्रयत्न करू नका. ओठांवर ओला रुमाल धरा, बोलू नका आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथले डॉक्टर जबडा खाली आणि मागे दाबून जागेवर बसवतात.

दाखवायला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं आणि त्या आठवड्यात काय वेगळं खाल्लं किंवा केलं, आज किती बोटं तोंड उघडतं, सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, आणि सुपारी, तंबाखू, मिश्री यांतलं काय आणि किती वर्षं. शेवटचं लपवू नका. तोंडात पाहिल्यावर ते आम्हाला दिसतंच.